कर्ण जुळत नाहीत, किंवा जुळूनही आखणी चुकते: टोटल स्टेशनने कोपरे मारताना चूक कशी शोधायची

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. ड्रॉइंगमधून चारही कोपऱ्यांचे को-ऑर्डिनेट काढले, मशीनमध्ये भरले, स्टेकआउटमध्ये प्रत्येक कोपऱ्यावर फरक दोन-तीन मि.मी.च्या आत आणला आणि खुंटीवर खिळा ठोकला. मग टेप लावली तर कर्णांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक. मशीनवाला म्हणतो टेप चुकतेय, मिस्त्री म्हणतो मशीन चुकतंय, आणि शेवटी कुणीतरी एक खुंटी सरकवून कर्ण 'बसवतो'. हे शेवटचं काम सगळ्यात घातक. फरक कुठून आला हे सांगणारा पुरावाच त्यात पुसला जातो, आणि मूळ चूक बाकीच्या तीन खुंट्यांत तशीच राहते.

म्हणून पहिला नियम: कारण सापडेपर्यंत एकही खुंटी हलवायची नाही. दुसरं, फक्त कर्ण मोजून थांबायचं नाही. चार बाजू आणि दोन कर्ण अशी सहा मापं घ्यायची, मि.मी.पर्यंत लिहायची आणि प्रत्येक माप को-ऑर्डिनेटवरून काढलेल्या आकड्यापुढे मांडायचं. 'दोन्ही कर्ण सारखे आले का?' हा प्रश्न अर्धवट आहे. कर्ण हिशोबाइतका आला का, हे विचारायचं. दोन्ही कर्ण सारखे असूनही चौकोन काटकोनी नसतो, याचं उदाहरण खाली येतंच आहे.

उदाहरणातली इमारत

हिशोब सोपा राहावा म्हणून २४ मीटर × १८ मीटरचा आयत घेऊ, म्हणजे कर्ण बरोबर ३० मीटर. बाजू ग्रिडला समांतर ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात इमारत तिरकी असते, पण त्याने युक्तिवादात फरक पडत नाही.

- अ: ईस्टिंग ५००.०००, नॉर्थिंग ३००.०००
- ब: ईस्टिंग ५२४.०००, नॉर्थिंग ३००.०००
- क: ईस्टिंग ५२४.०००, नॉर्थिंग ३१८.०००
- ड: ईस्टिंग ५००.०००, नॉर्थिंग ३१८.०००
- मशीन: ईस्टिंग ५१२.०००, नॉर्थिंग २८८.०००
- बॅकसाइट: ईस्टिंग ५१२.०००, नॉर्थिंग २४८.०००

म्हणजे अब ही पुढची बाजू, तिच्या मध्यासमोर १२ मीटरवर मशीन, आणि मशीनच्या मागे ४० मीटरवर बॅकसाइट, म्हणजे ज्याच्यावर दुर्बीण धरून मशीनची दिशा लावतात तो आधीच माहीत असलेला बिंदू.

आधी टेपचा संशय मिटवा

मशीनवर घसरण्याआधी पाच मिनिटं टेपला द्या. साइटवर ऐकू येणाऱ्या 'कर्ण चुकले'पैकी बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

मशीन देतं ते आडवं अंतर. टेप जमिनीवर टाकली की ती उतारावरचं अंतर मोजते. अ आणि क यांच्या खिळ्यांच्या उंचीत ०.६ मीटरचा फरक असेल तर ३० मीटरचा कर्ण टेपवर ३०.००६ दिसेल. ब आणि ड एकाच पातळीवर असतील तर तो कर्ण ३०.००० दिसेल. झाला सहा मि.मी.चा फरक, आणि चूक कुणाचीच नाही. दुरुस्ती तोंडी करता येते: उंचीतल्या फरकाचा वर्ग, भागिले लांबीची दुप्पट. इथे ०.३६ भागिले ६०, म्हणजे ०.००६. खिळ्यांच्या पातळ्या मशीनमध्ये आधीच असतात, त्या वापरा.

दुसरं म्हणजे ऊन. पोलादी टेप २० अंश तापमानाला खरी धरलेली असते, तिच्या सुरुवातीला तसं छापलेलंही असतं. तापलेल्या जमिनीवर टेप ४५ अंशांवर गेली तर ३० मीटरमागे साधारण ९ मि.मी. लांब होते आणि माप तितकं कमी दाखवते. लक्षात ठेवा, ही चूक सगळ्या मापांत प्रमाणात येते. दोन कर्ण एकमेकांपेक्षा वेगळे येण्याचं ते कारण असू शकत नाही. फायबरची टेप या कामाला नकोच. ओढ जरा बदलली की तिचं माप बदलतं.

आणि टेपचा हूक सैल आहे म्हणून एक मीटरवरून धरलेली टेप. एक मीटर वजा करायचं राहिलं तर लगेच कळतं, पण पलीकडचा माणूस हूकवर धरतोय की शून्याच्या रेघेवर, हे कळत नाही. टेप कुठे धरायची ते एकदा ठरवा आणि सहाही मापांना तीच दोन माणसं ठेवा.

हे सगळं करूनही फरक उरला, तर चूक आखणीत आहे.

प्रिझम कॉन्स्टंट: वारंवार भेटणारी आणि वेश बदलणारी चूक

पुन:पुन्हा येणाऱ्या तक्रारींमध्ये मी पहिला संशय यावर घेतो. प्रिझमच्या काचेत प्रकाशाला लागणारा जास्तीचा वेळ आणि पोलच्या अक्षापासून प्रिझम किती मागे-पुढे बसवलंय, या दोन्हींची मिळून एक ठरावीक दुरुस्ती असते. बऱ्याच प्रिझमना ती उणे ३० मि.मी. किंवा शून्य असते. लायकाच्या मशीनमध्ये त्यांचं नेहमीचं गोल प्रिझम शून्य धरतात, पण तेच प्रिझम इतर मशीनच्या भाषेत उणे ३४.४ मि.मी. होतं. त्यात काही होल्डरांत प्रिझम दोन प्रकारे बसवता येतं, एका जागी शून्य आणि दुसऱ्या जागी उणे ३०. पुसायला काढलेलं प्रिझम उलट्या जागी बसलं की मशीनमधलं सेटिंग न बदलताच चूक सुरू होते.

आता समजा, प्रिझम उणे ३० चं आहे आणि मशीनमध्ये या दुरुस्तीचं सेटिंग, `PSM`, शून्य राहिलं आहे. मशीन प्रत्येक अंतर ३० मि.मी. जास्त दाखवेल. तुम्ही स्क्रीनवरचा अंतराचा फरक, `dHD`, शून्य करत जाता, म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक खुंटी ३० मि.मी. मशीनच्या जवळ ठोकता. कोन बरोबर, अंतर कमी. चारही खुंट्या आपापल्या रेषेत मशीनकडे ओढल्या जातात.

वरच्या उदाहरणात टेपवर हे दिसेल:

- अब: २३.९५८ (४२ मि.मी. कमी)
- डक: २३.९७८ (२२ मि.मी. कमी)
- अड आणि बक: १७.९९३ (प्रत्येकी ७ मि.मी. कमी)
- अक: २९.९७०
- बड: २९.९७०

कर्ण अगदी सारखे. फक्त कर्णांची तुलना करणारा माणूस इथे 'गुण्यात आहे' म्हणून चुना मारायला सांगेल. प्रत्यक्षात पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा २० मि.मी.ने तोकडी आहे. शाळेत शिकलेला समद्विभुज समलंब चौकोन हाच, आणि त्याचे कर्ण नेहमी समान असतात. मशीन बाजूच्या मध्यासमोर असल्यामुळे डावी-उजवीकडच्या चुका एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा झाल्या आणि कर्णांना काही कळलंच नाही.

तीच चूक, तेच प्रिझम, फक्त मशीन दुसरीकडे लावू. अ कोपऱ्याच्या बाहेर, ईस्टिंग ४९०.०००, नॉर्थिंग २९०.०००. आता मापं अशी येतात: अब २३.९९२, डक २३.९८७, अड १७.९९३, बक १७.९८९, अक ३०.०००, बड २९.९७३. एक कर्ण तंतोतंत आणि दुसरा २७ मि.मी. कमी. अक हा कर्ण मशीनपासून जाणाऱ्या रेषेच्या जवळजवळ दिशेत आहे, त्यामुळे त्याची दोन्ही टोकं सारखीच सरकली आणि लांबी तशीच राहिली. बड त्या रेषेला आडवा आहे, म्हणून त्याची दोन्ही टोकं मशीनकडे येताना एकमेकांच्या जवळ आली. ही मापं पाहून मिस्त्रीला वाटणार की 'ड किंवा ब चुकलाय', आणि तो त्यातली एक खुंटी ओढणार. चूक तर चारही खुंट्यांत ३०-३० मि.मी.ची आहे.

मशीन इमारतीच्या अगदी मधोमध असतं तर दोन्ही कर्ण ६० मि.मी.ने कमी आले असते, आणि बाजूही त्याच प्रमाणात. म्हणजे एकच कारण तीन जागांवरून तीन वेगळी लक्षणं दाखवतं. म्हणून कर्णांवरून थेट कारण सांगणाऱ्या तक्त्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मशीन कुठे होतं ते आधी विचारायचं.

मशीननेच तपासलं तर का सापडत नाही

'मी त्याच मशीनने चारही खिळे परत मोजले, को-ऑर्डिनेट अगदी बरोबर येतात.' हे वाक्य हमखास येतं. येणारच. तेच मशीन, तेच प्रिझम आणि तेच `PSM` असेल तर ज्या चुकीने खुंटी जवळ ठोकली त्याच चुकीने ती परत बरोबर दिसते. दोन बिंदूंमधलं अंतर काढणारं `MLM` वापरून कर्ण काढला तरी मशीन ३०.००० च दाखवेल, कारण तोही त्याच दोन चुकीच्या अंतरांवरून काढलेला असतो. प्रिझम कॉन्स्टंट किंवा स्केल फॅक्टरची चूक पकडायला मशीनबाहेरचं काहीतरी लागतं. टेप त्यासाठीच आहे. फक्त ती उतार आणि उन्हाचा हिशोब ठेवून वापरायची.

खरं तर ही चूक पहिली खुंटी ठोकायच्या आधीच दिसायला हवी होती. मशीन आणि बॅकसाइट यांच्यातलं को-ऑर्डिनेटवरून निघणारं अंतर ४०.००० आहे. बॅकसाइटवर प्रिझम धरून अंतर घेतलं असतं तर स्क्रीनवर ४०.०३० आलं असतं. पण बॅकसाइटला फक्त कोन लावून पुढे जायची सवय असते. मशीन अंतराचा फरक दाखवतं, तो न वाचताच ओके दाबलं जातं. बॅकसाइटचं अंतर मोजून फरक वहीत लिहिल्याशिवाय स्टेकआउट सुरू करू नये. इतकं पाळलं तर या तक्रारींपैकी बऱ्याच उद्भवणारच नाहीत.

कॉन्स्टंट की स्केल, हे ठरवणारं माप

स्केल फॅक्टरची चूकही अंतरं बिघडवते आणि वरवर तशीच दिसते. कंट्रोल पॉइंट जीपीएसने यूटीएम ग्रिडमध्ये घेतलेले असतील तर मशीनमध्ये कधी कधी स्केल ०.९९९६ भरलेलं सापडतं. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर स्केल तेवढंच असतं, पण इमारतीचं ड्रॉइंग मात्र जमिनीवरच्या खऱ्या मीटरमध्ये असतं. अशा वेळी मशीन जमिनीवरचं अंतर थोडं कमी करून दाखवतं आणि तुम्ही खुंट्या थोड्या लांब ठोकता. ३० मीटरचा कर्ण ३०.०१२ येतो, २४ ची बाजू २४.०१० आणि १८ ची १८.००७. मशीन कुठेही ठेवा, आकार मोठा होतो पण काटकोन बिघडत नाही, आणि दोन्ही कर्ण सारखेच वाढतात.

दोन्ही कारणं वेगळी करायची सोपी युक्ती म्हणजे मशीनच्या खुंटीपासून एक जवळचा आणि एक लांबचा कोपरा टेपने मोजायचा. आपल्या उदाहरणात मशीनपासून अ १६.९७१ आणि क ३२.३११ यायला हवेत. प्रिझम कॉन्स्टंट चुकला असेल तर १६.९४१ आणि ३२.२८१ येतील, दोन्हींत ३० मि.मी.च फरक. स्केल चुकलं असेल तर १६.९७८ आणि ३२.३२४ येतील, म्हणजे जवळच्याला ७ आणि लांबच्याला १३. फरक स्थिर तर कॉन्स्टंट, फरक अंतरासोबत वाढतो तर स्केल.

टेप तेवढी पुरत नसेल किंवा तिच्यावर भरवसा नसेल तर कॉन्स्टंट टेपशिवायही काढता येतो. साधारण सपाट जागेवर एका सरळ रेषेत तीन बिंदू घ्या, पहिला, मधला आणि शेवटचा. मशीन मधल्यावर लावून दोन्ही टोकांची आडवी अंतरं घ्या आणि बेरीज करा. मग मशीन पहिल्यावर लावून शेवटच्याचं अंतर घ्या. बेरजेत चूक दोनदा येते, सबंध अंतरात एकदाच. त्यामुळे बेरजेतून सबंध अंतर वजा केलं की उरते ती नेमकी एका मापातली चूक. समजा २०.०३० आणि २५.०३० आले, बेरीज ४५.०६०, आणि सबंध अंतर ४५.०३०. उरले ३० मि.मी. म्हणजे मशीन ३० जास्त दाखवतंय आणि `PSM` मध्ये उणे ३० हवा. मधला बिंदू रेषेत नीट धरा आणि सेंटरिंग काळजीने करा, कारण इथे एक-दोन मि.मी.चा घोळही उत्तरात सरळ मिसळतो.

हवेच्या तापमान-दाबाच्या `PPM` वर मात्र वेळ घालवू नका. तापमानात एका अंशाच्या फरकाने अंतर साधारण दहा लाखांत एका भागाने बदलतं. ३० अंशांचा घोळ झाला तरी ३० मीटरला एक मि.मी. येत नाही. इमारतीच्या आखणीत दोन सेंटिमीटरचं खापर हवामानावर फोडणारा माणूस शोधायचा कंटाळा करतोय.

एक कर्ण वाढला, दुसरा तेवढाच घटला

हा आकार वेगळा आहे आणि ओळखायला सोपा आहे. उदाहरणातलंच मशीन, `PSM` बरोबर. अ आणि ब मारून झाले, मग ट्रायपॉडचा एक पाय मऊ भरावात किंचित खचला किंवा बॅटरी बदलताना धक्का लागला, आणि आडव्या वर्तुळाची दिशा एक मिनिटाने सरकली. त्यानंतर क आणि ड मारले. आता अब २४.००० आणि डक २४.००० च येतील, कारण दोन्ही जोड्या आपापसात बरोबर आहेत. पण अक २९.९९५ आणि बड ३०.००५. बक १८.००३ आणि अड १७.९९७. दोन कर्णांत १० मि.मी.चा फरक आहे, पण त्यांची सरासरी मात्र बरोबर ३०.

समोरासमोरच्या दोन बाजू चोख, एक कर्ण जितका वाढला तितकाच दुसरा घटला, असं दिसलं की काम कोणत्या क्रमाने झालं ते विचारा. चोख असलेल्या दोन बाजूंच्या मधेच कुठेतरी मशीन हललं. खात्रीसाठी मशीन न हलवता बॅकसाइटला परत दुर्बीण लावा. कोन सुरुवातीला लावलेल्यापेक्षा एका मिनिटाने वेगळा आला तर विषय संपला. म्हणूनच शेवटची खुंटी ठोकल्यावर मशीन उचलायच्या आधी बॅकसाइट परत बघायची असते. मशीन एकदा उचललं की हा पुरावा गेला, मग आखणी पुन्हा करूनच कळतं.

एकच कोपरा चुकलाय

सहापैकी जी मापं बिघडली आहेत ती सगळी एकाच कोपऱ्याला येऊन मिळत असतील, तर तोच कोपरा चुकला. क पूर्वेला १५ मि.मी. सरकला असेल तर डक २४.०१५ येईल, अक ३०.०१२, आणि बक १८.००० च राहील, कारण तो सरकला ती दिशा बक ला आडवी आहे. अब, अड आणि बड चोख. बिघडलेली दोन्ही मापं क कडे बोट दाखवतात, आणि बक का बिघडलं नाही यावरून सरकण्याची दिशाही कळते.

इथे पहिला आरोपी पोल. दोन मीटरवर प्रिझम असताना पोल अर्ध्या अंशाहून कमी कलला तरी टोकाला १५ मि.मी.चा फरक पडतो. बबल मध्यात होता, असं पोलवाला शपथेवर सांगेल आणि ते खरंही असेल, पण बबलच बिघडलेला असू शकतो. पोल दोन काठ्यांच्या आधाराने उभा करा, बबल मध्यात आणा आणि पोल स्वतःभोवती अर्धा फिरवा. बबल मध्यातून सरकला तर तो ॲडजस्ट करायला झालाय. बिघडलेला बबल खरं तर चारही कोपऱ्यांना फसवतो. पोलवाला कोणत्या बाजूला तोंड करून उभा आहे त्यानुसार दरवेळी वेगळीकडे, आणि त्यामुळे सहाही मापं थोडी थोडी, कसलाही आकार न दिसता बिघडतात. उपाय दोन्हींना एकच: शेवटचा खिळा मारताना प्रिझम खाली आणा. प्रिझम ३० सें.मी.वर असेल तर तोच कल १५ ऐवजी दोन मि.मी.च देतो. कोपऱ्याकडे जाताना उंच पोल चालेल, पण खिळा मारताना चालणार नाही.

एका कोपऱ्यातला फरक ११५ मि.मी.सारखा 'गोल' आकडा असेल तर पोलकडे बघूच नका, ड्रॉइंगकडे बघा. २३० च्या भिंतीची निम्मी जाडी ११५ होते. तीन कोपरे बाहेरच्या कडेवरून काढले आणि एक सेंटरलाइनवरून, असा तो घोळ असतो. सीएडीमध्ये स्नॅप भलत्याच रेघेला बसला की हे होतं.

सहाही मापं चोख, तरी इमारत चुकीच्या जागी

बाजू आणि कर्ण फक्त आकार तपासतात. आकार बरोबर ठेवून सगळी इमारत सरकली किंवा फिरली, तर सहा मापांना ते कळत नाही. स्टेशनचे को-ऑर्डिनेट भरताना चूक झाली की सगळं सारखंच सरकतं. बॅकसाइटच्या दिशेत चूक झाली की सगळं मशीनभोवती फिरतं. बॅकसाइट २० मीटरवर घेतली, तिथे पोल १० मि.मी. बाजूला धरला गेला आणि इमारतीचा कोपरा ६० मीटरवर असला, तर तो कोपरा ३० मि.मी. सरकतो आणि कर्ण मात्र चोख राहतो. जवळच्या बॅकसाइटवरून लांबचं काम करू नये, ते याचसाठी. बॅकसाइट निदान सगळ्यात लांबच्या कोपऱ्याइतकी तरी दूर हवी.

ईस्टिंग आणि नॉर्थिंगची अदलाबदल हा आणखी एक प्रकार. मशीन आधी `N` मागतं आणि ड्रॉइंगच्या यादीत आधी ईस्टिंग असतं, आणि यादी जशीच्या तशी भरली जाते. स्टेशन, बॅकसाइट आणि कोपरे, सगळंच उलटं भरलं तर मशीन तक्रार करत नाही. इमारत मशीन-बॅकसाइट रेषेच्या पलीकडे आरशासारखी उलटी होते. आकार तोच, कर्ण तेच. आपल्या उदाहरणात तर गंमत होईल: मशीन बरोबर मध्यरेषेवर असल्याने खिळे योग्य जागीच पडतील, फक्त अ च्या जागी ब आणि ड च्या जागी क येईल. कोपऱ्यांची नावं खुंटीवर लिहिलेली नसतील तर हे कॉलमच्या मापांपर्यंत गेल्यावरच बाहेर येईल.

या दोन्हींवर इलाज एकच, तिसरा कंट्रोल पॉइंट. स्टेशन आणि बॅकसाइट लावून झालं की तिसऱ्या, या सेटअपमध्ये न वापरलेल्या बिंदूवर प्रिझम धरा आणि मशीन त्याचे को-ऑर्डिनेट काय देतं ते बघा. चार-पाच मि.मी.च्या आत आले तर पुढे जा. तिसरा बिंदू नसेल तर प्लॉटच्या हद्दीपासून किंवा आधी उभ्या असलेल्या कामापासून दोन कोपऱ्यांची अंतरं मोजून ड्रॉइंगशी ताडा. एकाच कोपऱ्याने फिरणं कळत नाही, दोन लागतात.

सापडल्यावर काय करायचं

कारण कळलं की चारही खुंट्या नव्याने मारा. प्रिझम कॉन्स्टंटची चूक असेल तर प्रत्येक खुंटी मशीनच्या रेषेत ३० मि.मी. बाहेर नेली तरी गणित जुळतं, पण तसं करू नका. सेटिंग सुधारून, बॅकसाइटचं अंतर परत वाचून सगळ्या खुंट्या पुन्हा स्टेकआउट करा. त्यात सुधारलेलं सेटिंगही तपासलं जातं.

३० मीटरच्या कर्णाला हिशोबापासून ५ मि.मी.पर्यंतचा फरक मी सोडून देतो. पाच सेकंदांचं मशीन ५० मीटरवर कोनातच मि.मी.भर चूक करू शकतं, अंतरात दोनेक मि.मी. जातात आणि खिळ्याचं डोकंही तेवढंच जाड असतं. याहून बारीक फरक टेपने पकडायचा म्हणजे टेपचीच चूक मोजणं आहे. लांबट, अरुंद इमारतीत मात्र कर्णावर भिस्त ठेवू नका. ६० मीटर × ६ मीटरच्या शेडमध्ये रुंदी १० मि.मी.ने चुकली तर कर्णात एकच मि.मी. फरक पडतो. तिथे आखूड बाजूंची मापंच खरं सांगतात. शेड लांब असेल तर मधेही दोन ठिकाणी रुंदी घ्या.

खुदाई सुरू झाली की कोपऱ्यांच्या खुंट्या राहत नाहीत. म्हणून मापं पटल्याबरोबर प्रत्येक रेष दोन्ही टोकांना खड्ड्याच्या बाहेर, निदान दीड-दोन मीटर अंतरावर बुर्जीवर घ्या आणि बुर्जीवर खिळा मारून रेषेचं नाव लिहा. दोऱ्या ताणल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून ओळंबा सोडून सहाही मापं पुन्हा घ्या. रेष बुर्जीवर नेताना एखादी दोरी शेजारच्या खिळ्याला अडकते, आणि ते इथेच कळतं.